वर्गीकरणाचा तिसरा रकाना

वर्गीकरणाच्या कृतिपत्रिकेत बहुधा तीन रकाने असतात. पहिल्या रकान्यात सजीवाचे नाव छापलेले असते. दुसऱ्यात त्याचा गट लिहावयाचा असतो आणि तिसऱ्यात त्या गटाचे वैशिष्ट्य. माध्यमिक इयत्तांत शिकलेल्या प्रत्येकाने अशा कृतिपत्रिका सोडविलेल्या आहेत. आमच्या माजी विद्यार्थ्यांना त्या आठवत असतील आणि पालकांनी मुलांच्या वह्यांत त्या पाहिल्या असतील.

या कृतिपत्रिका तपासताना आम्हांला एक गोष्ट सातत्याने आढळते. दुसरा रकाना पुष्कळदा बरोबर असतो, परंतु तिसरा त्याला आधार देत नाही. ‘वटवाघूळ – सस्तन प्राणी – उडते’ असे एखादा विद्यार्थी लिहितो. गट अचूक आहे; पण उडणे हेच वैशिष्ट्य मानले, तर वटवाघळाला कावळ्याच्या आणि फुलपाखराच्या पंक्तीत बसवावे लागेल. याचा अर्थ, गट त्या विद्यार्थ्याने पाठांतराने लिहिला आणि वैशिष्ट्य नजरेला जे प्रथम दिसले ते लिहिले. दुसरा रकाना हा निकाल असतो आणि तिसरा रकाना त्या निकालाचा पुरावा असतो. पुराव्याने निकाल सिद्ध होत नसेल, तर तो निकाल आपला स्वतःचा नव्हे, कोणाकडून तरी उसना घेतलेला आहे. म्हणून या लेखात आम्ही फक्त तिसऱ्या रकान्याविषयी लिहिणार आहोत.

दोन प्रश्नांची कसोटी

तिसऱ्या रकान्यात काहीही लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत, असे आम्ही वर्गात सांगतो. पहिला प्रश्न : मी लिहीत असलेले लक्षण या गटातील सर्व सभासदांत आहे काय? दुसरा प्रश्न : या गटाबाहेरच्या कोणात ते आढळते काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर ते लक्षण त्या गटाचे वैशिष्ट्य ठरते.

वटवाघळाचेच उदाहरण पुढे नेऊ. ‘उडते’ हे लक्षण दोन्ही प्रश्नांत अनुत्तीर्ण होते, कारण गाय, उंदीर आणि देवमासा हे सस्तन असूनही उडत नाहीत, आणि पक्षी व कीटक सस्तन नसूनही उडतात. मग विद्यार्थी विचार करून लिहितो, ‘अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते.’ हे उत्तर आधीच्यापेक्षा बरेच जवळचे आहे, तरीही ते पुरते टिकत नाही. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस हा सस्तन प्राणी अंडी घालतो, म्हणजे पहिल्या प्रश्नाला बाधा आली. आणि आपल्या रानात आढळणारी घोणस साप असूनही थेट पिल्लांनाच जन्म देते, म्हणजे दुसऱ्या प्रश्नालाही बाधा आली.

आता वटवाघळाचा पंखच नीट पाहू. पक्ष्याच्या पंखाचे काम पिसे करतात. वटवाघळाच्या पंखाला एकही पीस नसते. त्याच्या हाताची बोटे फार लांब वाढलेली असतात आणि त्या बोटांच्या काड्यांवर छत्रीच्या कापडासारखी पातळ त्वचा ताणलेली असते. अंगठा तेवढा आखूड आणि मोकळा राहतो. अंगावर केस असतात, डोक्यावर बाह्यकर्ण असतात, तोंडात दात असतात, आणि मादी आपल्या पिल्लाला दूध पाजते. यांतील केस आणि दूध स्रवणाऱ्या ग्रंथी ही दोन लक्षणे आपल्या कसोटीला उतरतात. प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रे नसतात, पण तिच्या त्वचेतून दूध झिरपते आणि पिल्ले ते चाटतात. देवमाशाच्या अंगावर केस नावापुरतेच असतात, पण तोही पिल्लाला दूधच पाजतो. सस्तन गटाबाहेर मात्र अशा दुग्धग्रंथी कोणातही आढळत नाहीत. म्हणून तिसऱ्या रकान्यात लिहावे : ‘दुग्धग्रंथी असतात, शरीरावर केस असतात.’ ‘सस्तन’ या शब्दातही हेच लक्षण सामावलेले आहे.

नावाचा चकवा

प्रत्येक गटाचे नाव मात्र असे खरे लक्षण सांगतेच असे नाही. ‘सरीसृप’ म्हणजे सरपटणारे. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी साप, पाल, मगर यांच्यापुढे ‘सरपटतो’ एवढेच लिहून मोकळे होतात. हे लक्षण का पुरत नाही, हे दाखविण्यासाठी पावसाळ्यातील एका जोडीचा आम्हांला मोठा उपयोग होतो. ती जोडी म्हणजे गांडूळ आणि वाळा.

वाळा हा आपल्याकडील अगदी लहान साप. लांबीने साधारण वीतभर, जाडीला काडीएवढा, रंगाने काळपट तपकिरी. तो ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली, कुंडीच्या तळाशीही सापडतो आणि मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खाऊन जगतो. तो बिनविषारी आहे. घरात निघाला की कोणी त्याला गांडूळ म्हणून सोडून देतो, तर कोणी सापाचे विषारी पिल्लू समजून मारून टाकतो. दोघेही सरपटतात, दोघांनाही पाय नाहीत, दोघेही मातीत राहतात. कृतिपत्रिकेत मात्र त्यांच्या ओळींमध्ये फार मोठे अंतर असते.

हे अंतर ओळखायचे कसे? प्रथम त्यांची चाल पाहावी. गांडूळ शरीर आखडून घेते आणि पुन्हा लांबवते. अशा रीतीने ते पुढे सरकते. वाळा अंग डावी-उजवीकडे वळवीत झपाट्याने निघून जातो. त्यानंतर त्वचा पाहावी. गांडुळाची त्वचा ओलसर, मऊ असते आणि तिच्यावर डोक्यापासून शेपटापर्यंत शंभराहून अधिक वलये असतात. वाळ्याचे अंग कोरडे आणि चकचकीत असते. भिंगातून पाहिले तर त्यावर एकावर एक बसविलेले बारीक खवले दिसतात, आणि डोक्यापाशी खवल्याखाली डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. गांडुळाला डोळेच नसतात. वाळा अधूनमधून आपली दुभंगलेली जीभ बाहेर काढतो. हे सारे निरीक्षण दुरून करावे; कोणताही साप हातात घेऊ नये, हा नियम या ओळखीहून आधी शिकवावा लागतो.

आता तिसरा रकाना भरता येतो. गांडूळ हे वलयी प्राण्यांच्या संघात जाते, कारण त्याचे शरीर आतून-बाहेरून वलयांच्या खंडांत विभागलेले असते आणि चालण्यासाठी त्या खंडांवर दृढरोम असतात. गांडूळ खरखरीत कागदावर ठेवले तर हे दृढरोम घासल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. जळू याच संघातील. तिला दृढरोम नसतात, चूषक असतात. म्हणजे ‘दृढरोम’ एवढेच लिहिले तर जळू बाहेर पडते आणि पहिला प्रश्न मोडतो. ‘वलयांकित, खंडीभूत शरीर’ लिहिले तर दोघेही आत राहतात. वाळा मात्र पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत, आणि त्यांतही सरीसृप वर्गात जातो.

सरीसृपांसाठी काय लिहावे? ‘खवले’ हा शब्द एकटा पुरत नाही. माशांनाही खवले असतात. खवले मांजराच्या अंगावरही खवले असतात, पण ते मांजरही नव्हे आणि सरीसृपही नव्हे. त्याच्या पोटावर केस असतात आणि मादी पिल्लाला दूध पाजते, म्हणून तो सस्तन प्राणी आहे. अशा वेळी एका लक्षणाऐवजी लक्षणांची जोडी लिहावी लागते. ‘त्वचा कोरडी व खवलेयुक्त, श्वसन फुप्फुसांनी, शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलणारे’ असे एकत्र लिहिले की मासा कल्ल्यांमुळे बाहेर राहतो आणि खवले मांजर स्थिर तापमानामुळे बाहेर राहते.

मासळीबाजारातही नावाचा असाच चकवा आहे. पापलेट, कोळंबी आणि माकूल एकाच पाटीत विकायला येतात, म्हणून घरी त्या सर्वांना मासळी म्हणतात. स्वयंपाकासाठी ही विभागणी योग्यच आहे. कृतिपत्रिकेत मात्र यांतील फक्त पापलेट मत्स्य वर्गात बसते, कारण पाठीचा कणा, कल्ले आणि पर ही तिन्ही त्याला आहेत. कोळंबीचे पाय सांध्यांनी जोडलेले आणि अंगावर कठीण आवरण, म्हणून ती खेकड्याच्या बरोबरीने संधिपाद संघात जाते. माकुलाचे शरीर मऊ, अखंड आणि प्रावार नावाच्या पडद्याने झाकलेले, म्हणून तो गोगलगाईच्या बरोबरीने मृदुकाय संघात. पाण्यात राहणे हे तिघांचेही समान लक्षण आहे. पण राहण्याचे ठिकाण म्हणजे शरीराची घडण नव्हे.

उंबराचे फूल

वनस्पतींच्या कृतिपत्रिकेत वेगळी अडचण येते. तेथे ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतील फरक पुसला जातो. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला फूल येताना कोणी पाहत नाही, हा या बोलण्यामागचा अनुभव आहे. वड आणि पिंपळ हे उंबराचेच कुलबंधू. त्यांचीही फुले कोणाला दिसत नाहीत. बोधिवृक्ष म्हणून ज्या झाडाखाली आपण बसतो, त्याचे फूल कसे असते, हे विचारले तर बहुतेक जण गप्प राहतात. मग एखादा विद्यार्थी तर्क लढवतो : ज्याला फूल नाही ती अपुष्प वनस्पती, पिंपळाला फूल नाही, म्हणून पिंपळ अपुष्प, नेच्यासारखा. तर्काची रीत बरोबर आहे. चुकले आहे ते निरीक्षण.

कोवळे उंबर मधोमध चिरून पाहावे. आत पोकळी असते आणि तिच्या भिंतीवर अतिशय बारीक अशी शेकडो फुले दाटीने बसलेली असतात. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो तो प्रत्यक्षात फुलांचा गुच्छ असून तो आतल्या बाजूला वळून बंद झालेला असतो. त्याच्या टोकाला एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून चिलटाएवढ्या गांधीलमाशा आत शिरतात आणि परागकण पोहोचवतात. पिकलेल्या उंबरात हे कीटक सापडतात ते याच कारणाने. परागण झाले की प्रत्येक मादी फुलाचे एक इवलेसे फळ बनते आणि त्यात बी असते. उंबर खाताना दाताखाली जे कण येतात ते हेच.

म्हणून वड, पिंपळ, उंबर यांच्यापुढे ‘आवृत्तबीजी’ असे लिहावे आणि वैशिष्ट्य लिहावे : ‘फुले येतात, बी फळाच्या आवरणात असते.’ बी फळात झाकलेले असणे हे लक्षण दोन्ही प्रश्नांना उतरते. सायकसलाही बी येते, पण ते उघडे असते, त्याभोवती फळ नसते. म्हणून ते अनावृत्तबीजी. नेच्याला फूल खरोखरच नसते. त्याच्या पानाच्या मागील बाजूस तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात आणि त्यांत बीजाणू तयार होतात. शिवाय पाणी वाहून नेणाऱ्या ऊती त्याच्या देठात असतात. या दोन लक्षणांमुळे तो टेरिडोफायटा गटात जातो. ‘फूल नाही’ असे नुसते लिहिण्यापेक्षा ‘पानामागे बीजाणू येतात’ असे लिहिणे अधिक भक्कम, कारण जे नाही त्याच्यापेक्षा जे आहे ते दाखविता येते.

एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री हा पुढचा टप्पा. हरभरा भिजवून सोलला की त्याच्या दोन डाळी सुट्या होतात. मक्याच्या दाण्याच्या अशा दोन डाळी होत नाहीत. हेच मूळ लक्षण आहे. परंतु प्रत्येक वेळी बी हाताशी नसते, म्हणून विद्यार्थी पानाच्या शिरा पाहतात : समांतर शिरा म्हणजे एकबीजपत्री, जाळीदार शिरा म्हणजे द्विबीजपत्री. ज्वारी, ऊस, बांबू, आंबा, पिंपळ यांना ही खूण अचूक लागू पडते. ती अळूपाशी फसते. अळूच्या पानावर जाळीदार शिरा स्पष्ट दिसतात, तरी अळू एकबीजपत्री आहे. त्याची मुळे मात्र एकबीजपत्रींसारखीच तंतुमय असून झुपक्याने फुटतात. एक जाड सोटमूळ त्याला नसते. त्यामुळे शिरांवरून काढलेला निष्कर्ष मुळांशी ताडून पाहावा आणि दोन्ही जुळले नाहीत तर थांबून विचार करावा, असा आमचा आग्रह असतो. शिरा ही ओळखण्याची खूण आहे. गट ठरतो तो बीजपत्रांवरून.

भरलेली ओळ कशी दिसते

आतापर्यंतच्या विवेचनावरून काही ओळी अशा भरता येतील :

वटवाघूळ – सस्तन – दुग्धग्रंथी, अंगावर केस.
वाळा – सरीसृप – कोरडी खवलेयुक्त त्वचा, फुप्फुसांनी श्वसन, बदलते तापमान.
गांडूळ – वलयी – वलयांकित, खंडीभूत शरीर.
कोळंबी – संधिपाद – सांधे असलेले पाय, कठीण बाह्यकवच.
नेचे – टेरिडोफायटा – पानामागे बीजाणू, वहनासाठी ऊती.
पिंपळ – आवृत्तबीजी, द्विबीजपत्री – फळात झाकलेले बी, दोन बीजपत्रे.

यांतील एकाही ओळीत ‘मोठा’, ‘लहान’, ‘उपयोगी’, ‘घातक’, ‘पाण्यात राहतो’, ‘माती खातो’ असे शब्द आलेले नाहीत, हे लक्षात यावे. ते शब्द असत्य नाहीत, परंतु त्यांनी गट ठरत नाही.

ही कसोटी सर्वत्र सरळपणे लागू होईल असेही नाही. सरीसृपांच्या हृदयात तीन कप्पे असतात असे लिहिले, की मगर आडवी येते. तिच्या हृदयात चार कप्पे असतात. पूर्वजांचा माग काढला तर मगर ही पालीपेक्षा पक्ष्यांना अधिक जवळची आहे. शाळेतील गट ही अभ्यासाची सोय असून ज्ञान वाढते तशा त्यांच्या सीमा बदलतात. सीमा बदलतात त्याही पुराव्यावरच.

माणसाची ओळ

वर्गीकरणशास्त्राचा पाया घालणारा स्वीडनचा कार्ल लिनियस यालाही हा अनुभव आला. 1735 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत त्याने देवमाशाला माशांत बसविले होते. 1758 सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमाशाला तेथून उचलून सस्तन गटात आणले. पाण्यातील वास्तव्य आणि माशासारखा आकार ही लक्षणे त्याने बाजूला ठेवली, आणि दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या वर्गाला त्याच लक्षणावरून नाव दिले.

परंतु त्याच दहाव्या आवृत्तीत त्याने माणसांचेही चार प्रकार पाडले. ते खंडांनुसार होते, आणि प्रत्येकापुढे त्याने त्वचेच्या रंगाबरोबर स्वभावही लिहून टाकला. कोणी चतुर, कोणी आळशी, असा. देवमाशाला लावलेली कसोटी त्याने येथे लावली नाही. विद्यार्थ्यांनी ती लावून पाहावी, असे आम्ही सांगतो. अमुक खंडातील सर्व माणसे आळशी आहेत काय? त्या खंडाबाहेर कोणीच आळशी नाही काय? दोन्ही प्रश्नांत हे ‘लक्षण’ तत्काळ कोसळते. रक्तगट घेऊन पाहिले तरी तेच होते. एका आईची दोन मुले वेगळ्या रक्तगटांची निघतात, आणि ज्याला आपण कधी पाहिलेही नाही अशा परमुलखातील माणसाचा रक्तगट आपल्याशी जुळतो.

शालेय पुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी दिलेली असते. मानवाची ओळ भरताना सृष्टीपुढे प्राणी, संघापुढे समपृष्ठरज्जू, वर्गापुढे सस्तन, प्रजातीपुढे होमो आणि शेवटच्या ‘जाती’ या रकान्यात एकच शब्द येतो : सेपियन्स. जगातील प्रत्येक माणसाच्या ओळीत तेथे तोच शब्द लिहावा लागतो. त्याखाली आणखी रकाना आखू पाहणाऱ्याने आधी त्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

पालकांनाही हे दोन प्रश्न घरी विचारता येतील. मुलाने वहीत ‘बेडूक – उभयचर – उडी मारतो’ असे लिहिले असेल, तर उत्तर सांगू नये. सगळे उभयचर उडी मारतात का, आणि दुसरे कोणी मारत नाही का, एवढेच विचारावे. टोळाची आठवण झाली की मूल स्वतःच ते खोडेल आणि बेडकाच्या ओल्या त्वचेकडे, पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या त्याच्या पिल्लांकडे वळेल.